कुत्र्याला साप चावला: घरापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंतचा पहिला तास

पावसाळ्यात विश्वामित्री फुगली की बडोद्यात साप वर येतात. नदीकाठच्या सोसायट्या, वासणा-भायलीकडची नवी टेनामेंट, समा-सावली रस्त्यालगतची मोकळी शेतं, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांची मागची अंगणं, यातलं काहीच सुटत नाही. साप दिसला की माणूस मागे सरतो आणि कुत्रा पुढे जाऊन हुंगतो, म्हणून बहुतेक दंश नाकाडावर, ओठावर किंवा पुढच्या पायावर होतात. पुढे जे बिघडतं तेही दरवर्षी तेच असतं. एक म्हणजे ‘सूज आली तर बघू’ म्हणत घालवलेला वेळ, आणि दुसरं म्हणजे जिथे औषधच नाही अशा जवळच्या दवाखान्यात मारलेली फेरी.

आधी लक्षणं

साप दिसलाच असेल तर प्रश्न मिटला, निघायचं. पण बऱ्याचदा दिसतो तो फक्त कुत्रा. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. लक्षणांच्या दृष्टीने त्यांचे दोन गट पडतात.

घोणस आणि फुरसं रक्तावर आणि मांसावर काम करतात. कुत्रा एकदम केकाटतो, लंगडतो, पाय वर धरतो. चावल्याची जागा बघता बघता सुजते, ताणून चकचकीत होते आणि पुढे निळसर-जांभळी पडते. दाताच्या खुणेतून रक्त पाझरत राहतं, जखम एवढीशी असूनही थांबत नाही. त्यानंतर हिरड्यांतून रक्त, उलटी, लाल किंवा कोका-कोलासारखी काळपट लघवी, आणि कुत्रा गळून पडतो.

नाग आणि मण्यार मज्जातंतूंवर काम करतात. पापण्या अर्ध्यावर उतरतात, लाळ गळते कारण कुत्र्याला गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बसतो, मागचे पाय दारू प्यायल्यासारखे झुलतात आणि मग श्वास उथळ होत जातो. नागाच्या दंशात सूज आणि वेदनाही बऱ्यापैकी असतात, नंतर तिथली कातडी सडू शकते. मण्यार मात्र फसवा. तो रात्री फिरतो, दात बारीक, सूज जवळजवळ नाही, कधी कुत्रा ओरडतही नाही. रात्री ठीक झोपलेला कुत्रा पहाटे उठता येत नाही म्हणून धडपडतो, आणि घरचे समजतात की म्हातारपण आलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपणारा कुत्रा अचानक लुळा पडला आणि पापण्या खाली आल्या, तर सूज नसली तरी मण्यार धरूनच चालायचं.

दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. कुत्र्याने भेक तोंडात धरला की तोंडाला फेस येतो, पण तो तोंड चोळत असतो, डोके हलवत असतो आणि चालणं नीट असतं. तोंड बाहेरच्या दिशेने पाण्याने धुतलं की थोड्या वेळात उतार पडतो. गांधीलमाशी चावली तर नाकाड फुगतं, पण ते मऊ असतं, रक्त पाझरत नाही आणि कुत्रा तरतरीत असतो. पापणी उतरणं, पाय झुलणं किंवा न थांबणारं रक्त यातलं एकही असेल, तर भेक किंवा गांधीलमाशी हा विचार सोडून द्या. शंका असली तरी सापच समजा. चुकीची फेरी पडली तर पेट्रोल जातं, एवढंच.

पहिली तपासणी: कुत्रा जागचा हलतोय का?

याला खर्च शून्य आणि सगळ्यांत जास्त फायदा इथेच. विष दंशाच्या जागेतून शरीरात पसरतं ते बरंचसं स्नायूंच्या हालचालीने. पाय जितका चालेल तितकं ते वेगाने वर चढतं. म्हणून कुत्र्याला चालवून गाडीपर्यंत नेऊ नका, पायऱ्या उतरवू नका, ‘चल बघू, चालतोय का’ असं करून पाहू नका. जिथे आहे तिथे बसवा, आणि दुसऱ्या माणसाला आतून जाडी चादर आणायला पाठवा.

याआधी फक्त एक काम: साप अजून तिथे असेल तर कुत्र्याला आणि स्वतःला त्याच्यापासून लांब घ्या. साप मारायला थांबू नका. मारलेल्या सापाचं तुटलेलं डोकंही बराच वेळ चावू शकतं, आणि त्याला मारायला गेलेल्या माणसाला दंश होणं हा या गोष्टीतला सगळ्यांत मूर्खपणाचा शेवट आहे. लांबूनच मोबाईलने झूम करून एक फोटो जमला तर काढा. शोधाशोध नको. भारतात मिळणारं विषावरचं औषध चारही सापांवर एकत्रच चालतं, त्यामुळे नेमका साप माहीत नसला म्हणून उपचार अडत नाही. फोटोचा उपयोग एवढाच की डॉक्टरांना नाग-मण्यार की घोणस-फुरसं हे आधी कळतं, म्हणजे श्वासाकडे जास्त लक्ष ठेवायचं की रक्ताकडे हे ठरतं. साप पकडणाऱ्या स्थानिक माणसाने फोनवर ‘काळोतरो’ म्हटलं तर तो मण्यार, ‘खडचितळो’ म्हटलं तर घोणस.

दुसरी तपासणी: पट्टा, हार्नेस, गळ्यातला धागा

सगळं काढा, लगेच. नाकाडाला चावलेल्या कुत्र्याची सूज अर्ध्या-पाऊण तासात गळ्यापर्यंत उतरते, आणि तेव्हा पट्ट्याचं बक्कल सुटत नाही. फसलेला पट्टा मग कात्रीने कापावा लागतो, तोपर्यंत कुत्र्याचा श्वास कोंडलेला असतो. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यात तर ही सूज श्वासनलिकेवरच येते. पायाला रिबीन किंवा काळा दोरा बांधला असेल तर तोही काढा.

मुसकं बांधायचं की नाही, हा प्रश्न येतोच. दुखतंय म्हणून आपला सांभाळलेला कुत्राही चावेल, यात वाद नाही. पण तोंड सुजलेलं असेल, उलटी होत असेल किंवा श्वास अडत असेल तर मुसकं जीव घेतं, कारण उलटी बाहेर पडायला वाट राहत नाही. अशा वेळी जाडा टॉवेल मानेभोवती सैल गुंडाळून डोकं आवरा, हातात जुने चामड्याचे मोजे असतील तर घाला.

तिसरी तपासणी: हिरडी, श्वास, पापणी

दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. ओठ वर उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरी झालेली जागा २ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढुरकी किंवा राखाडीच राहिली तर रक्तदाब कोसळतोय. छातीकडे बघून १५ सेकंद श्वास मोजा, ४ ने गुणा. शांत कुत्र्याचे साधारण १५ ते ३० असतात. दुखण्याने धाप लागून ते जास्त येणारच. भीती जास्तीची नाही, कमी आणि उथळ होत जाणाऱ्या श्वासाची आहे. पापणी दोन्ही बाजूंनी सारखी उघडतेय का ते बघा.

सूज असेल तर शिवणकामाची टेप किंवा साधा दोरा सुजेच्या वरच्या भागाभोवती फिरवून मापून घ्या, वेळ लिहा, आणि बॉलपेनने सुजेच्या कडेला कातडीवर रेघ मारा. केस जाड असतील तर रेघ दिसत नाही, तेव्हा माप जास्त भरवशाचं. हे डॉक्टरांसाठी आहे: अर्ध्या तासात सूज कुठवर गेली हे कळणं म्हणजे विष किती गेलं याचा अंदाज. दाताच्या खुणा शोधायच्या नादी लागू नका. केसांत त्या लपतात, फुरशाच्या तर बारीकच असतात, आणि दोन खुणा नाहीत म्हणून दंश नाही असं मुळीच नसतं.

चौथी तपासणी: निघण्याआधी फोन

हा टप्पा लोक गाळतात, आणि खरा वेळ इथेच जातो. दवाखाना घरापासून १ किलोमीटरवर आहे आणि तिथे प्रतिविष नाही, तर तो दवाखाना १० किलोमीटरवरच्यापेक्षा लांब आहे. एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन जनावरांच्या सगळ्या दवाखान्यांत ठेवलेलं नसतं. माणसांच्या दवाखान्यातली आणि कुत्र्याला द्यायची बाटली तीच असते, पण माणसांचं हॉस्पिटल कुत्र्याला दाखल करून घेत नाही.

फोनवर लांब गोष्ट सांगू नका. एवढंच विचारा: एएसव्ही आत्ता तुमच्याकडे आहे का, किती वायल? शिरेतून लावणारे डॉक्टर आत्ता हजर आहेत का? ऑक्सिजन आहे का? नाग-मण्याराची शंका असेल तर श्वासाची पिशवी किंवा व्हेंटिलेटरचंही विचारा, कारण तिथे जीव श्वासावर अवलंबून असतो. ‘नाही’ आलं तर पुढचा नंबर. रात्री कोणीच उचलत नसेल तर गुजरातमधल्या १९६२ या पशु-अ‍ॅम्ब्युलन्सच्या नंबरावर विचारा, आणि आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ताही डोळ्यांसमोर ठेवा. पावसाळ्याआधीच हे फोन करून, कुठे औषध असतं ते कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवलं तर रात्री ११ वाजता हात थरथरत नाहीत.

कधी डॉक्टर म्हणतात, ‘औषध संपलंय, मेडिकलमधून घेऊन या.’ तेव्हा एकाने दुकान गाठायचं आणि दुसऱ्याने कुत्र्याला घेऊन थेट दवाखान्यात जायचं. दोघांनी मिळून दुकानं फिरायची नाहीत. पावडरीची वायल असेल तर ती साध्या तापमानात चालते, पातळ औषध असेल तर ते २ ते ८ अंशांत राहायला हवं, म्हणून दुकानदाराकडून बर्फाच्या पाकिटासह घ्या.

पाचवी: न्यायचं कसं

चादर जमिनीवर पसरा, कुत्र्याला तिच्यावर सरकवा, चार टोकं दोघांनी धरून झोळीसारखा उचला. २०-२५ किलोचा कुत्रा एकट्याने छातीशी धरून नेला की त्याचा पाय लोंबकळत हलत राहतो. पाय शरीराच्या पातळीत असू द्या, मुद्दाम वर नको, खाली लोंबकळायलाही नको. रिक्षा किंवा गाडी घ्या. अ‍ॅक्टिव्हावर दोघांच्या मध्ये कुत्रा अडकवून नेलं तर मान वाकते आणि श्वास अडतो, शिवाय तो वाटेत बेशुद्ध पडला तर तुम्हाला कळतही नाही.

शुद्धीत असेल तर त्याला हवं तसं छातीवर बसू द्या. शुद्ध हरपली तर कुशीवर, मान सरळ, जीभ बाहेर ओढलेली आणि तोंड किंचित खाली. खिडकी उघडी किंवा एसी चालू. वाटेत श्वास थांबला आणि छातीवर हात ठेवून हृदयाचे ठोके लागत असतील, तर तोंड हाताने बंद करून नाकातून फुंकर मारा, छाती वर आलेली दिसेपर्यंतच. साधारण दर ६ सेकंदांनी एक. नाग-मण्याराच्या दंशात हृदय चालू असतं आणि छातीचे स्नायूच थकलेले असतात, त्यामुळे ही फुंकर खरोखर वेळ विकत घेते. मागे बसलेल्याने हेच करत राहायचं, गाडी थांबवायची नाही.

काय करायचं नाही, आणि का

आवळून दोरी बांधणं सगळ्यांत जास्त केलं जातं आणि सगळ्यांत जास्त बिघडवतं. घोणस-फुरशाचं विष मांस सडवतं. दोरीने तुम्ही ते एकाच जागी कोंडता, रक्तपुरवठा बंद करता, आणि नंतर पाय वाचत नाही. दोरी सोडताच साठलेलं सगळं एकदम वर जातं हा धोका वेगळा. त्यामुळे आधी कुणी बांधलीच असेल, तर ती वाटेत न सोडता डॉक्टरांसमोर सोडा.

ब्लेडने चीर दिली तर, रक्त न गोठणाऱ्या कुत्र्यात ती चीर वाहतच राहते. तोंडाने विष चोखून निघत नाही. बर्फाने आधीच मरायला आलेली कातडी आणखी मरते. हळद, चुना, मिरची, तूप, रॉकेल यातलं काही विष ओढत नाही, वर ती जागा डॉक्टरांना दिसेनाशी होते. भुव्याकडे नेण्याचा आग्रह कुणी धरला तर त्याला मागून यायला सांगा, कुत्रा आधी डॉक्टरांकडे.

तोंडावाटे काहीही नको: पाणी नाही, दूध नाही, गोळी नाही. गिळता येत नसलेल्या कुत्र्याचं पाणी सरळ फुप्फुसात जातं. घरातल्या दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, या रक्त पातळ करतात आणि मूत्रपिंडावर येतात. घोणसीचं विष नेमकं तिथेच घाव घालतं. पॅरासिटामॉलचा हिशेबही कुत्र्यात वेगळा आहे. अ‍ॅलर्जीचं किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन घरी आहे म्हणून टोचू नका. ते विषावर काम करत नाही, पण ‘काहीतरी दिलंय’ या समाधानात अर्धा तास निघून जातो.

एक उदाहरण, मिनिटांसह

समजा ऑगस्टची रात्र आहे, १०:४० झालेत, वासणा रस्त्यावरच्या एका टेनामेंटच्या मागच्या चौकात २२ किलोची देशी कुत्री केकाटते. बाहेर कुंडीमागे फुत्कार ऐकू येतोय, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके: घोणस. कुत्री उजवा पुढचा पाय वर धरून उभी.

१०:४२ ला तिला उचलून आत ओट्याजवळ ठेवलं, पट्टा काढला. १०:४४ ला पंज्यावर माप १४ सेंटीमीटर, हिरडी गुलाबी. १०:४६ ला पहिला फोन: ‘औषध नाही.’ १०:४८ ला दुसरा: ‘४ वायल आहेत, डॉक्टर आहेत, या.’ चादरीची झोळी, ओळखीची गाडी, १०:५५ ला निघाले. वाटेत मनगटापाशी ताण आला, तोंडातून थोडी उलटी, तोंड खाली धरून पुसून काढली. ११:१२ ला टेबलावर पाय १९ सेंटीमीटर, खुणेतून रक्त थांबत नाही.

डॉक्टर शिरेत सुई लावून सुमारे २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि २० मिनिटं ती न हलवता उभी ठेवतात. घरचे लोक या वेळी अस्वस्थ होतात, ‘औषध का देत नाहीत’ म्हणून. नळी एकदा तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे घोणसीच्या विषाने गोठण्याची क्रिया मोडली. एवढ्या साध्या चाचणीवर निर्णय होतो. इथे सूज आणि रक्तस्राव आधीच दिसत असल्याने बरेच डॉक्टर नळीची वाट न पाहता औषध सुरू करतील, आणि तेही बरोबरच आहे. प्लॅस्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली ओली काच वापरली तर चाचणी फसते.

पावडर १० मिलिलिटर पाण्यात विरघळवून सलाईनमधून हळू सोडतात. औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे काही कुत्र्यांना पित्तासारखे फोड, उलटी, थरथर किंवा कोसळणं येतं. म्हणूनच अ‍ॅड्रिनलिन बाजूला भरून ठेवलेलं असतं. हे ड्रिप घरी किंवा कम्पाउंडरकडून का लावून घ्यायचं नाही, त्याचं कारण हेच. दंशाभोवती कातडीखाली टोचून तर काहीच साधत नाही.

आणखी एक भांडण नेहमीचं: ‘आमची कुत्री लहान, एक वायल पुरे.’ औषध कुत्र्याच्या वजनाला नाही, विषाला दिलं जातं. भारतीय औषधाची १० मिलिलिटरची एक वायल घोणसीचं सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते, आणि एक घोणस एका दंशात त्याच्या कित्येक पट विष सोडू शकते. ५ किलोच्या पॉमेरेनियनला उलट जास्त धोका, कारण तेवढंच विष छोट्या अंगात गेलेलं असतं. त्यामुळे दुसरी-तिसरी वायल मागितली गेली तर ती लुबाडणूक समजू नका. साधारण ६ तासांनी नळीची चाचणी पुन्हा करतात, आणि तेव्हा रक्त गोठलं नाही तर औषध पुन्हा लागतं.

घरचं काम कुठे संपतं

पट्टा काढणं, स्थिर ठेवणं, मापणं, फोन आणि नेणं, एवढंच तुमच्या हातात आहे. सापाचा दंश ‘कोरडा’ही असू शकतो, म्हणजे दात लागले पण विष गेलं नाही. पण ते घरी बसून ठरत नाही. काही न दिसणाऱ्या कुत्र्यालाही दवाखान्यात २४ तास नजरेखाली ठेवायला सांगितलं तर ऐका, विशेषतः मण्याराची शंका असेल तर.

दवाखान्यातून घरी आणल्यावर ३-४ दिवस लघवीचा रंग आणि प्रमाण पाहा. लघवी काळपट, अगदी कमी किंवा बंद, उलट्या, खाणं सोडलं, तर ते मूत्रपिंडाचं लक्षण आहे. त्याच दिवशी रक्तात क्रिएटिनिन तपासून घ्या, सोमवारची वाट बघू नका. नागाच्या दंशानंतर आठवडाभराने जागा काळी पडून कातडी सुटायला लागली, तर ती ओढू नका, मलम लावून झाकू नका. ती जखम साफ करणं हे डॉक्टरांचं काम, आणि तिथे कुत्र्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घालावाच लागतो, नाहीतर तो रात्रीत सगळं चाटून उघडं करतो.